कादंबरीतल्या पात्राचं वय चुकू नये म्हणून

नंदुरबारचे शिरीषकुमार मेहता यांचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा. ‘चले जाव’ चळवळीतल्या गोळीबारात ते गेले ९ सप्टेंबर १९४२ ला. १९४२ मधून १९२६ वजा केले की उत्तर १६ येतं, पण त्या दिवशी त्यांना १५ पुरी होती आणि सोळावं चालू होतं. वाढदिवसाला अजून साडेतीन महिने बाकी होते. म्हणून कुणी ‘पंधरा वर्षांचा’ लिहितं, कुणी ‘सोळाव्या वर्षी’ लिहितं, आणि दोघंही बरोबर असतात. ‘सोळा वर्षांचा’ लिहिणारा मात्र चुकलेला असतो.

लांब कथेत वयाचा घोळ होतो तो बहुधा इथूनच. सालातून साल वजा करायची सवय आपल्याला शाळेपासून आहे. त्यात भर पडते आपल्या बोलण्याच्या दोन पद्धतींची. ‘बारावं लागलं’ म्हणजे अकरा पुरी, आणि ‘बारा वर्षांचा’ म्हणजे बारा पुरी. एकाच कादंबरीत चौथ्या प्रकरणात पहिली पद्धत आणि अकराव्या प्रकरणात दुसरी आली, तर पात्र आपोआप वर्षभराने पुढेमागे होतं. दोनशे पानांच्या पुस्तकात हे खपून जाईल. तीन पिढ्यांच्या, मध्येमध्ये भूतकाळात जाणाऱ्या आणि दुष्काळ, निवडणूक, अधिवेशन अशा तारखेच्या घटनांना टेकलेल्या कादंबरीत खपत नाही. काँग्रेसचं फैजपूरचं अधिवेशन कधी झालं किंवा दुष्काळात खडी फोडायची कामं कधी निघाली, हे ज्यांना पाठ आहे असेच लोक ती वाचणार असतात.

पहिल्यांदाच एवढं लांब लिहिणाऱ्यांसाठी इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो. कुटुंब काल्पनिक आहे. द्वारकाबाईचं माहेर फैजपूरजवळच्या गावात, सासर अमळनेर तालुक्यात. तिची थोरली लेक कमल आणि त्यानंतरचा मुलगा भास्कर, जो पुढे प्राथमिक शिक्षक झाला. कादंबरी सुरू होते २०१५ च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. म्हातारी झोक्याकडे बघत बसली आहे, भास्कर पुढच्या महिन्यात निवृत्त होणार आहे, आणि तिथून कथा मागे मागे जाते.

आधी जन्मतारीख, मग सगळं

नवा लेखक सहसा वय ठरवतो आणि जन्मतारीख सोडून देतो. ‘म्हातारी ऐंशीची’ असं पहिल्या प्रकरणात लिहिलं की त्याला वाटतं, झालं काम. मग सातव्या प्रकरणात म्हातारी सांगते, ‘फैजपूरच्या सभेला मी आईच्या कडेवर होते.’ वाक्य छान आहे, काढवत नाही. पण या वाक्याने तिचा जन्म कायमचा बांधून टाकला, हे लिहिणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

काँग्रेसचं फैजपूरचं अधिवेशन भरलं २७ आणि २८ डिसेंबर १९३६ ला. खेड्यात भरलेलं ते पहिलं. त्या थंडीत जे मूल कडेवर होतं ते साधारण सहा महिन्यांचं ते दोन वर्षांचं असणार. म्हणजे जन्म १९३४ च्या अखेरीपासून १९३६ च्या मध्यापर्यंत कधीतरी. तीच बाई ‘मी तेव्हा पोटात होते’ म्हणाली असती, तर जन्म १९३७ चा सप्टेंबर उलटायच्या आत यायला हवा होता. ‘आईचं बोट धरून गेले होते’ म्हणाली असती, तर १९३३ किंवा त्याच्याही आधी. एका शब्दाने तीन वर्षं इकडेतिकडे होतात. म्हणून कागदावर पहिली ओळ लिहायची ती जन्मतारखेची. पुऱ्या तारखेची, नुसत्या सालाची नाही. कादंबरीत ती तारीख कुठे येणार नसली तरी चालेल, तुमच्या वहीत ती हवीच.

द्वारकेचा जन्म आपण १९३६ च्या आखाजीला धरू. आईने लक्षात ठेवला असेल तर सणावरूनच ठेवला असेल, आणि आखाजीची लेक म्हणून तिचं कौतुकही झालं असेल. पंचांगाप्रमाणे त्या वर्षी अक्षय्य तृतीया २४ एप्रिलला होती. अधिवेशनाच्या वेळी पोर आठ महिन्यांची, कडेवर अगदी शोभणारी.

आता पहिल्या प्रकरणाकडे या. २०१५ ची आखाजी होती २१ एप्रिलला. तिथीने बघितलं तर त्या दिवशी म्हातारीला ७९ पुरी झाली, ऐंशीवं लागलं. इंग्रजी तारखेने बघितलं तर अजून तीन दिवस बाकी आहेत आणि ती ७८ चीच आहे. दोन्ही खरं आहे. आखाजी एप्रिलच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंत कुठेही येते आणि साधारण एकोणीस वर्षांनी त्याच तारखेच्या आसपास परतते. तिथीने वाढदिवस मोजणारं पात्र असेल तर कथेतला कुठलाही प्रसंग आखाजीच्या आजूबाजूला आला की सावध व्हायचं. माझा नियम असा की वहीत इंग्रजी तारीख धरायची आणि पात्राच्या तोंडी तिथी द्यायची. ‘आज मला ऐंशीवं लागलं’ हे म्हातारीचं वाक्य बिनधोक आहे. निवेदकाने मात्र तिला ‘ऐंशी वर्षांची’ म्हणायचं नाही.

दाखल्यावरचं वय वेगळं

भास्कर जन्मला १९५७ च्या दिवाळीत, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात. शाळेत नाव घातलं जून १९६३ मध्ये. तेव्हा त्याचं खरं वय पाच वर्षं सात-आठ महिने. गुरुजींनी विचारलं, कधीचा? बापाने सांगितलं, दिवाळीतला. गुरुजींनी सहा पुरी दिसावीत म्हणून रजिस्टरला १ जून १९५७ टाकलं. महाराष्ट्रात एका पिढीच्या निम्म्या ओळखीच्या लोकांचा वाढदिवस १ जूनला का येतो, हे वाचकाला सांगावं लागत नाही. त्यामुळे खेड्यातलं, त्या काळातलं आणि पुढे नोकरीत गेलेलं पात्र असेल, तर त्याला दोन जन्मतारखा द्या. वहीत दोन्ही लिहा.

दुसरी तारीख नुसती रंगत आणायला नाही. कायदा जिथे जिथे वय विचारतो तिथे तीच चालते. राज्य शासनाचा कर्मचारी सहसा ५८ पुरी झाली की त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. पण जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच त्याला निरोप मिळतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचंही तसंच. म्हणून दाखल्यावर १ जून असलेला भास्कर ३१ मे २०१५ ला घरी बसतो, खऱ्या वयाने तेव्हा तो साडेसत्तावन्नचा असतो. ‘माझ्या पोराला पाच महिने आधीच घरी पाठवलं’ असं द्वारकाबाई कुरकुरली तर ते तिच्या हिशेबाने अगदी खरं आहे. कच्च्या खर्ड्यात भास्करचा निरोप समारंभ जूनच्या अखेरीला, पहिला पाऊस पडताना रंगवला असेल, तर तो पाऊस गेला. मेमधली धूळ आणि घाम घ्यावा लागेल.

मतदानाचंही असंच. खर्ड्यात एक जोरदार प्रसंग होता. आणीबाणीनंतरची मार्च १९७७ ची लोकसभा निवडणूक, आणि भास्कर बापाशी भांडून जनता पक्षाला मत देऊन येतो. वय काढा. खरं वय १९, दाखल्यावरचंही १९. तेव्हा मतदानाचं वय होतं २१. ते १८ वर आलं १९८९ मध्ये, एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने. भास्करचं लोकसभेचं पहिलं मत जानेवारी १९८० च्या आधी पडूच शकत नाही. आजच्या लेखकाला अठरा हीच मतदानाची सीमा वाटते, म्हणून वय बरोबर काढूनही तो इथे फसतो. तेव्हा कायद्याचा संबंध आला की ‘पात्र किती वर्षांचं’ एवढ्यावर थांबू नका, ‘त्या साली मर्यादा किती होती’ हेही बघा. मुलीच्या लग्नाचं वय १९७८ मध्ये १८ झालं, त्याआधी ते १५ होतं. हेही विसरलं जातं.

प्रसंग वाचवता येतो, असं नाही की फेकूनच द्यावा. भास्कर मत देत नाही, मतदान केंद्राबाहेर चिठ्ठ्या वाटतो. बाप आत जाऊन मत देतो आणि बाहेर येऊन काहीच सांगत नाही. मला तर हा प्रसंग आधीच्यापेक्षा सरस वाटतो, पण ते तुमचं तुम्ही ठरवा.

तक्ता कसा मांडायचा

लांब हिशेबवही चालते, संगणकावरची शीट अधिक चालते. मांडणी एकच. पहिल्या ओळीत पात्रांची नावं आडवी, दुसऱ्या ओळीत त्यांच्या जन्मतारखा. तिसऱ्या ओळीपासून खाली प्रसंग, काळाच्या क्रमाने. प्रकरणांच्या क्रमाने नाही. हा मुद्दा सोडू नका, कारण भूतकाळात जाणाऱ्या कथेत दोन क्रम असतात आणि घोळ नेमका त्यांच्या सांध्यावर होतो. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात प्रसंग आणि तो कुठल्या प्रकरणात येतो त्याचा आकडा, तिसऱ्यापासून वयं. वय हाताने लिहायचं नाही, सूत्राने काढायचं. तिसऱ्या रकान्याच्या तिसऱ्या ओळीत हे टाका आणि आडवं-उभं ओढा:

```
=DATEDIF(C$2,$A3,"Y")
```

हे पुरी झालेली वर्षं देतं, वाढदिवस उलटला की नाही ते बघून. शिरीषकुमारांसारख्या उदाहरणात ते १५ च दाखवेल. चालू वर्ष हवं असेल तर पुढे `+1` जोडा, पण ते वेगळ्या रकान्यात.

आणखी एक उपयोग अनपेक्षित आहे. प्रसंगाची तारीख पात्राच्या जन्माआधीची असेल तर घरात `#NUM!` उमटतं. म्हणजे जन्मायच्या आधी लग्नात नाचणारं पात्र आपोआप पकडलं जातं. अर्थात ते पात्र त्या प्रसंगात नसेलच तर `#NUM!` कडे दुर्लक्ष करा.

तारखा टाकताना तीन गोष्टी सांभाळा. आकडे इंग्रजी टाका, कारण देवनागरी आकड्यांची तारीख बहुतेक वेळा नुसता मजकूर धरली जाते. खरी तारीख घरात उजवीकडे चिकटते आणि मजकूर डावीकडे, त्यावरून लगेच कळतं. दुसरं, `1953-09-08` अशी वर्ष-महिना-दिवस या क्रमाने टाका. `08-09-1953` लिहिलंत तर ते ८ सप्टेंबर की ९ ऑगस्ट, हे तुमच्या मशीनच्या मनावर राहतं. तिसरं, एक्सेलला १९०० च्या आधीच्या तारखा कळत नाहीत. पणजोबा १८८० चे असतील तर त्यांचं वय कागदावरच काढा.

आपल्या कुटुंबाचा तक्ता असा उतरतो. पूर्ण कादंबरीत चाळीस-पन्नास ओळी होतील, इथे कामापुरत्याच घेतो.

| काळ | प्रसंग | द्वारका | कमल | भास्कर |
|---|---|---|---|---|
| डिसेंबर १९३६ | फैजपूर अधिवेशन | ० | – | – |
| मे १९५१ | द्वारकेचं लग्न | १५ | – | – |
| सप्टेंबर १९५३ | कमलचा जन्म | १७ | ० | – |
| ऑक्टोबर १९५७ | भास्करचा जन्म | २१ | ४ | ० |
| मे १९७३ | दुष्काळी काम | ३७ | १९ | १५ |
| मार्च १९७७ | लोकसभा निवडणूक | ४० | २३ | १९ |
| एप्रिल २०१५ | आखाजी | ७८ | ६१ | ५७ |

तक्त्यात कमलचा जन्म १९५३ चा आहे, पण खर्ड्यात ती भास्करपेक्षा ‘दोन वर्षांनी मोठी’ होती. ते का बदलावं लागलं, तर नवव्या प्रकरणात एक ओळ आहे: द्वारका शेतात जाते आणि कमल तान्ह्या भावाला कडेवर घेऊन गल्लीभर हिंडते. दोन-तीन वर्षांची पोर आठ महिन्यांचं मूल कडेवर घेऊ शकत नाही. चार-पाच वर्षांची घेते, कंबर वाकडी करून, पाय ओढत. खेड्यात हे दृश्य सगळ्यांनी पाहिलेलं आहे. त्यामुळे अंतर चार वर्षांच्या खाली आणता येत नाही. भावंडांच्या वयातला फरक नुसता आकडा नसतो, तो अंगाने काय जमतं त्यावर ठरतो. तक्ता हे सांगणार नाही, ओळ वाचून तुम्हालाच बघावं लागेल.

दुष्काळाचं प्रकरण

कादंबरीचं काळीज इथे आहे, म्हणून जरा थांबतो. खर्ड्यात लिहिलं होतं की दुष्काळात द्वारका आपल्या दोन्ही पोरांना घेऊन खडी फोडायला जाते. बारा वर्षांचा भास्कर हातोडी धरतो, कमल पाटी उचलते, दुपारी तिघं सुकडी खातात. लोक त्याला सरसकट ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणतात, पण पाऊस दगावला तो १९७२ च्या पावसाळ्यात, आणि कामांवर सगळ्यात जास्त हाल झाले ते त्यापुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे १९७३ मध्ये. लेखकाने मनात १९७२ धरून प्रसंग मात्र रणरणत्या उन्हाळ्यात घेतला, आणि तिथेच एक वर्ष हरवलं. ज्या घटनेला लोक एका सालाचं नाव देतात ती दोन सालांत पसरलेली आहे का, हे आधी बघा.

तर प्रसंग मे १९७३ चा. तक्ता म्हणतो भास्कर १५, कमल १९. आता आकडे बदलून भागत नाही. पंधरा वर्षांचा पोरगा आईच्या पदराआडून हातोडी धरत नाही. तो स्वतःच्या नावाने हजेरी लावायला बघतो, मुकादमाशी हुज्जत घालतो. शिवाय त्याची नुकतीच दहावी झाली आहे, आणि खर्ड्यात ‘बोर्डाचा निकाल यायचा होता’ असं एक वाक्य होतं. ते काढावं लागेल. भास्करच्या वेळेला मॅट्रिक अकरावीला होती. १९६३ ला पहिलीत बसलेला मुलगा नापास न होता गेला तर १९७४ ला मॅट्रिक होतो. दहावीची बोर्डाची परीक्षा त्याच्या मागून आली. शाळेची इयत्ता म्हणजे वयच असतं, फक्त वेगळ्या कपड्यात. इयत्तेसाठी तक्त्यात एक वेगळा रकाना ठेवा.

आणि कमल? १९७३ मध्ये एकोणीस वर्षांची, अमळनेर तालुक्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. ती बहुधा सासरी असणार. म्हणजे खडीच्या कामावर ती नाहीच. प्रसंगाचा एक पाय निखळला. पण त्या वर्षी आखाजी मेच्या पहिल्या आठवड्यात होती, आणि आखाजीला लेक माहेरी येते. दुष्काळ असला तरी येते. तेव्हा कमलला खडीवर न्यायचं नाही, घरी आणायचं. कडेवर तिचं स्वतःचं मूल, घरात पुरणाला डाळ नाही, मिलोची भाकरी आहे, आणि आई कामावरून चेहऱ्यावर खडीचा पांढरा थर घेऊन परत येते. झोका बांधलेला आहे, पण त्यावर बसायचं कुणाला सुचत नाही. हे प्रकरण वयाच्या हिशेबातून निघालं, कल्पनेतून नाही. आणि पहिल्या प्रकरणातल्या २०१५ च्या झोक्याला ते आपोआप जाऊन मिळतं.

पात्र खोटं बोललं तर

माणसं वय चुकीचं सांगतात. द्वारकाबाईच्या आधार कार्डावर १ जानेवारी १९४० असेल, तिथे कुणी अंदाजाने टाकलेलं. त्या हिशेबाने ती अधिवेशनानंतर तीन वर्षांनी जन्मली. भास्कर ‘बारा वर्षांचा होतो तेव्हा खडी फोडली’ असं नातवाला सांगतो, कारण बारा ऐकायला जास्त करुण वाटतं. हे ठेवायला काहीच हरकत नाही. पण वाचकाला कळलं पाहिजे की चूक पात्राची आहे, तुमची नाही. त्यासाठी तक्त्यात ‘पात्र काय म्हणतं’ असा एक रकाना करा आणि जिथे खऱ्या वयापेक्षा वेगळं आहे तिथे खूण करा. प्रत्येक खुणेसाठी मजकुरात कुठेतरी एक पुरावा ठेवा, लहानसा. कमल शेजारून म्हणते, ‘बारा कुठला, मिसरूड फुटलं होतं तुला.’ बस, तेवढं पुरतं. असा पुरावा नसलेली खूण दिसली तर वाक्य दुरुस्त करा.

साल हलवायची वेळ आली तर

हे हमखास येतं. कुणीतरी सुचवतं की वर्तमानकाळ २०१५ ऐवजी २०१९ घ्या, किंवा तुम्हालाच मोबाइलवरचा एखादा प्रसंग हवा असतो. तेव्हा प्रसंगांची दोन गटांत विभागणी करा. काही प्रसंग ठोकलेल्या खुंट्या आहेत: अधिवेशन, दुष्काळ, निवडणूक. त्या हलत नाहीत. बाकीचे तुमचे आहेत: लग्न, जन्म, भांडण, मृत्यू.

वर्तमान २०१९ केलं की द्वारका आखाजीला ८३ वर्षांची होते. त्या वर्षी आखाजी ७ मेला होती, म्हणजे वाढदिवस उलटलेला, तारखेनेही ८३ आणि तिथीनेही ८३. तिथे काही बिघडत नाही. पण भास्करची निवृत्ती २०१५ ला अडकलेली आहे, ती १ जून १९५७ ला बांधलेली. निवृत्ती वर्तमानात हवीच असेल तर त्याचा जन्म चार वर्षं पुढे, १९६१ मध्ये न्यावा लागेल. मग तो दुष्काळात अकराचा होतो, खडीचा प्रसंग आईच्या पदराआड जातो, आणि कमलशी अंतर आठ वर्षांचं होतं. एक दोरी ओढली की काय काय हलतं ते तक्त्यात लगेच दिसतं, कारण जन्मतारखेचं एक घर बदललं की खालची सगळी वयं सूत्राने बदलतात. वयं हाताने लिहिली असती तर पन्नास घरं पुन्हा तपासावी लागली असती. माझं मत विचाराल तर निवृत्ती सोडून द्यावी, दुष्काळ सोडू नये. चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेला भास्कर वर्तमानात चांगला चालतो.

शेवटची चाळणी

खर्डा पुरा झाला की वाचत बसू नका, शोधा. ‘वर्ष’ हा शब्द शोधला की वर्षांचा, वर्षांनी, वर्षांपूर्वी सगळे सापडतात. मग ‘वय’, ‘साली’, ‘पूर्वी’, ‘तेव्हा’. ‘वय’ शोधताना ‘अवयव’ही सापडतो, त्याला सोडा. त्यानंतर विशी, तिशी, चाळिशी, साठी. आणि खानदेशातल्या कथेत एक जागा हमखास सुटते ती संवादांची. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद अहिराणीत असतील, तर पात्रं ‘वर्ष’ म्हणतच नाहीत, ‘वरीस’ म्हणतात, आणि ‘तेव्हा’च्या जागी ‘तवय’ असतं. ‘तवय’ हे ‘वय’ शोधताना सापडतं, पण ‘वरीस’ वेगळं शोधलं नाही तर अर्धे संवाद तपासणीतून निसटतात. तुमच्या गावची बोली लेवा असेल तर त्या शब्दांची तुमची यादी तुम्हीच करा.

सापडलेली प्रत्येक ओळ एका कोऱ्या कागदावर उतरवा, शेजारी प्रसंगाची तारीख आणि तक्त्यातलं वय. ‘वीस वर्षांपूर्वी’ असं निवेदक म्हणत असेल तर ते वीसच हवं. पात्र म्हणत असेल तर अठरा ते बावीसपर्यंत कुणी हटकत नाही, ‘वीसेक’ म्हणालं तर आणखी सैल. भूतकाळाच्या आत आणखी मागे गेलेल्या प्रसंगात ‘त्यानंतर दोन वर्षांनी’ आलं, तर ते कशानंतर, हे त्या ओळीपुढे लिहून ठेवा. १९७३ च्या प्रकरणात द्वारकेला आपलं लग्न आठवतं आणि पुढच्याच परिच्छेदात ‘दोन वर्षांनी कमल सासरी गेली’ असं येतं. लग्नानंतर दोन वर्षांनी तर कमल जन्मली होती. इथे लेखकाच्या डोक्यात दुष्काळाच्या आधीचं एखादं साल असतं आणि वाचकाच्या डोक्यात १९५१. ‘दुष्काळाच्या आदल्या साली कमल सासरी गेली’ असं लिहिलं की प्रश्न मिटतो.

शरीरावरून वय सांगणारे शब्द कुठलाही शोध पकडत नाही. दुधाचे दात पडलेले, परकर सोडून लुगडं नेसलेली, चष्मा लागलेला, काठी आलेली. ते नजरेनेच गोळा करावे लागतात, आणि त्यासाठी खर्डा एकदा प्रकरणांच्या क्रमाने न वाचता तक्त्याच्या क्रमाने वाचा. १९३६ चा प्रसंग आधी, मग १९५१, मग पुढचा. एका पात्राचे सगळे प्रसंग सलग वाचले की आठव्या वर्षी परकर, सातव्या वर्षी लुगडं असली उलटापालट लगेच खटकते.